गाडी पोटाला नाही, कानाला लागते

अमडापूरहून मलकापूरला रेल्वे पकडायला जायचं म्हटलं की आमच्या घरात आधी प्लास्टिकच्या पिशव्या शोधल्या जातात. तिकीट, डबा, पाण्याची बाटली हे सगळं नंतर. कारण आमची अकरा वर्षांची भाची. चिखलीपर्यंत ती गप्पा मारते, चिखलीत गाडी बदलली तरी ठीक असते, बुलढाण्यापर्यंत मोबाइलवर काहीतरी बघत बसते. बुलढाणा सोडलं आणि एसटी राजूर घाटात उतरायला लागली की पोरगी एकदम गप्प होते. दोन-तीन जांभया देते. ओठांभोवती पांढरटपणा येतो, कपाळावर थंड घाम फुटतो, आणि मग ती आईचा हात धरून एवढंच म्हणते, "अम्मी, जी मचल रहा." पुढचं वळण यायच्या आत पिशवी उघडावी लागते.

गेल्या ईदच्या सुट्टीत तिनं चक्क सांगितलं की मला मामूंकडे यायचंच नाही. घरात मग नेहमीचे निदान सुरू झाले. आजी म्हणाली नजर लागली. खाला म्हणाली पित्त खवळतं, सकाळी चहा देऊ नका. शेजारच्यांनी सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसवायचा सल्ला दिला. मेडिकलवाल्यानं उलटीची गोळी दिली, ती घाटात दिली, आणि पाच मिनिटांत ती गोळीही पिशवीत गेली. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक जण पोटाकडे किंवा नशिबाकडे बघत होता. कानाकडे कुणी बघत नव्हतं.

कान आपल्याला ऐकण्यापुरता माहीत असतो. पण ऐकण्याच्या भागाला लागूनच, कवटीच्या हाडात खोल, तोल सांभाळणारं एक छोटं यंत्र बसवलेलं आहे. त्यात दोन प्रकारचे भाग आहेत. पहिला म्हणजे तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या आणि पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या. चहाचा कप हातात धरून झटकन गोल फिरवून बघा. कप फिरतो, पण आतला चहा क्षणभर जागीच राहतो. नळीत तेच होतं. डोकं वळतं, द्रव मागे राहतो, त्याच्या दाबानं आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते की आपण या बाजूला वळलो. दुसरा भाग म्हणजे दोन लहान पिशव्या. त्यांत जेलीसारख्या थरावर चुनखडीचे अगदी बारीक कण बसलेले असतात. गाडीनं ब्रेक मारला, वेग घेतला किंवा डोकं एका बाजूला कललं, की हे कण जडपणामुळे सरकतात. त्यावरून मेंदूला पुढे-मागे होणं आणि कलणं कळतं.

आता भाचीला पुन्हा त्या सीटवर बसवून बघू. ती मधल्या रांगेत बसली आहे, समोर उंच सीटची पाठ आहे, मान खाली आणि नजर मोबाइलवर. तिचे डोळे मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे, चौकोनी पडदा हातात आहे, अक्षरं जागेवर आहेत. त्याच वेळी कानातला द्रव सांगतो की आपण डावीकडे वळतोय, आता उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चुनखडीचे कण सांगतात की ब्रेक लागला, आपण पुढे झुकतोय. दोन साक्षीदार एकाच घटनेबद्दल उलट साक्ष देतायत. जन्मापासून मेंदूला सवय अशी की डोळा आणि कान एकच गोष्ट सांगतात. चालताना, पळताना, झाडावर चढताना कधी दोघांचं भांडण होत नाही. गाडीत होतं. हे भांडण मिटलं नाही की पाच-दहा मिनिटांत मळमळ सुरू होते.

हा अंदाज नुसता कागदावरचा नाही. 1882 साली विल्यम जेम्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं शेकडो मूकबधिर लोकांची चौकशी केली. ज्यांच्या कानातलं तोलाचं यंत्रच निकामी झालेलं होतं, त्यांतल्या अनेकांना गोल फिरवलं तरी चक्कर येत नव्हती, आणि समुद्रप्रवास केलेल्यांना बोटही लागली नव्हती. पोट त्यांचंही आपल्यासारखंच होतं. खराब होता तो कान, आणि कान खराब असल्यानं त्रासच नव्हता.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण पुष्कळ ठिकाणी डोळा आणि कान एवढ्यावरच गोष्ट संपवतात. ज्यांना जन्मापासून दिसत नाही त्यांनाही गाडी लागते. म्हणजे भांडण फक्त डोळा आणि कान यांचंच असतं असं नाही. कानाच्या नळ्या आणि कानाच्या पिशव्या यांचंही आपसात पटत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेंदूनं पुढे काय होणार म्हणून बांधलेला अंदाज प्रत्यक्षात चुकतो. ड्रायव्हरला गाडी का लागत नाही याचं उत्तर इथेच आहे. स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. वळण घ्यायच्या आधीच त्याच्या मेंदूला ठाऊक असतं की आता शरीर कुठे ढकललं जाणार. मोटारसायकलवर बापामागे बसलेलं पोरही सहसा ठीक असतं, कारण रस्ता दिसतो आणि वळणाबरोबर ते स्वतःही कलतं. म्हणूनच डोळे मिटल्यानं आराम पडतो, पण सगळ्यांना पुरता पडतो असं नाही.

मग भांडण डोक्यात, तर शिक्षा पोटाला का? याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. एक विचार 1977 मध्ये ट्रीझमन या संशोधकानं मांडला. डोळा आणि कान यांचा मेळ बिघडणं हे निसर्गात विष पोटात गेल्याचं लक्षण असायचं. विषारी फळ खाल्लं की आधी डोळ्यांपुढे गरगरतं. तेव्हा मेंदूनं साधा नियम केला की गरगरलं तर पोट रिकामं कर. एसटी बस त्या नियमात बसवलेली नव्हती. विचार पटण्यासारखा आहे, पण तो सिद्ध करणं अवघड आहे, हेही लक्षात ठेवावं.

पोटात प्रत्यक्ष काय होतं ते मात्र मोजलं गेलंय. निरोगी पोटाच्या स्नायूंची लाट मिनिटाला साधारण तीनदा येते आणि अन्न पुढे ढकलते. मळमळ सुरू झाली की ही लाट घाईची, विस्कळीत आणि दुबळी होते. मिनिटाला चार ते नऊ लाटा, पण कामाच्या नाहीत. अन्न जागच्या जागी पडून राहतं. त्याच वेळी शरीराची धोक्याची यंत्रणा जागी होते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा पांढरा पडतो. घामाच्या ग्रंथी सुरू होतात. कातडीत गरम रक्त नाही आणि वरून घाम, म्हणून तो हाताला थंड लागतो. तोंडाला पाणी सुटतं, कारण उलटी येण्याआधी शरीर तोंड आणि दात आम्लापासून वाचवायची तयारी करतं. आजीला नजर लागल्यासारखं दिसतं ते हे. पोरीच्या अंगात कुठलाही असर नसतो, तिचा मेंदू एका खोट्या विषाशी झुंजत असतो.

आता मेडिकलवाल्याच्या गोळीचं गणित सोपं होतं. गोळी पोटात विरघळून पुढे आतड्यात गेली तर रक्तात मिसळते. मळमळ सुरू झाल्यावर पोटानं काम बंद केलेलं असतं. म्हणजे घाटात दिलेली गोळी उलटी झाली नसती तरी वेळेत पोहोचली नसती. शिवाय गोळी कोणती हेही बघायला हवं. उलटीवर सर्रास दिलं जाणारं ऑनडान्सेट्रॉन हे जुलाब-उलटीत, ऑपरेशननंतर किंवा कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलटीत चांगलं आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसलेला नाही. डोमपेरिडोनचंही तसंच. ती औषधं ज्या तारा तोडतात, त्या तारांवरून हा निरोप मुख्यतः जातच नाही. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या या वाटेवर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन ही द्रव्यं काम करतात, आणि ती अडवणारी औषधंच चालतात.

हे कसं सापडलं ते मजेशीर आहे. 1947 च्या सुमारास अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांकडे एक बाई अंगावर पित्त उठतं म्हणून आली. त्यांनी तिला एक नवं औषध दिलं. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं की एरवी ट्राममध्ये बसलं की मळमळतं, हल्ली तसं होत नाही. डॉक्टरांनी मग हेच औषध अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांच्या जहाजावर तपासलं आणि ते लागू पडलं. डायमेनहायड्रिनेट ते हेच. आमच्या खालाचं पित्त आणि त्या बाईचं पित्त, दोन्ही शब्द एकच असले तरी गोष्ट वेगळी. इथे औषध कामी आलं ते पित्तावर नव्हे, मेंदूतल्या हिस्टामिनवर.

आपल्याकडे याच जातीतलं प्रोमेथाझिन जास्त वापरलं जातं. त्याची प्रवासाची गोळी निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते, लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना. म्हणजे अमडापूरला बसमध्ये चढायच्याही आधी. बुलढाण्यात आठवण झाली तर उशीर झालेला असतो. तिनं झोप येते, तोंड कोरडं पडतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. मोठ्यांमध्ये काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि स्वतः गाडी चालवणाऱ्यानं तर अजिबात नाही. मुलांचा डोस वयावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.

रमजानमध्ये सफर करावा लागला तर हा वेळेचा हिशोब सोयीचा पडतो. सकाळची गाडी असेल तर गोळी सहरीला घेता येते आणि तिचा असर पुढे कित्येक तास राहतो. तरीही उलटी झाली तर काय, हा प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारला जातो. आपोआप झालेल्या उलटीनं रोजा तुटत नाही, मुद्दाम काढलेल्या उलटीनं तुटतो, असं हदीसच्या आधारे बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे बरं वाटावं म्हणून घशात बोट घालायची आपली सवय रोजात सोडावी लागेल. मुसाफिराला रोजा नंतर ठेवण्याची सवलत कुरआनमध्येच दिलेली आहे. किती अंतराला ती लागू होते ते आपल्या मशिदीतल्या आलिमांकडून समजून घ्यावं.

औषधाआधी जागा. बसमध्ये कुठे बसता यावर अर्धा खेळ ठरतो. इंग्लंडमध्ये टर्नर आणि ग्रिफिन या संशोधकांनी बसच्या 3256 प्रवाशांना प्रश्न विचारले आणि 1999 मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे 28 टक्के प्रवाशांना बरं वाटत नव्हतं, 13 टक्क्यांच्या आसपास लोकांना मळमळ झाली, उलटी झालेले दोन टक्क्यांहून कमी. ज्यांना पुढचा रस्ता अजिबात दिसत नव्हता त्यांच्यात त्रास जवळजवळ तिप्पट होता, आणि मागे जावं तसा तो वाढत होता. तिकडचे रस्ते आपल्यापेक्षा गुळगुळीत, पण कान तोच.

रस्त्यावरून आठवलं. लोक खड्ड्यांना दोष देतात. खड्ड्यानं कंबर मोडते, उलटी सहसा होत नाही. सगळ्यात वाईट हेलकावा संथ असतो, साधारण पाच सेकंदांत एकदा इकडून तिकडे. घाटात सावकाश वळणाऱ्या बसची चाल नेमकी त्याच ठेक्यात येते. बुलढाणा पठारावर, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात. मध्ये उतरण आहे आणि वळणावर वळण. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या सीटवर हा झोला सर्वांत मोठा मिळतो. काळीपिवळीत मागच्या आडव्या बाकावर बसणं त्याहून वाईट, कारण तोंड बाजूला, रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे गुडघे तेवढे दिसतात.

म्हणून शक्य तितकं पुढे बसावं, जिथून ड्रायव्हरसमोरची काच दिसते. नजर काचेतून दूर रस्त्यावर ठेवावी. खिडकीतून जवळचे खांब आणि झाडं मोजत बसलं तर डोळ्यांपुढून चित्रं सपासप जातात आणि त्रास वाढतो. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवावं. एक चूक आम्ही स्वतः कितीदा केली आहे. बस वळत असताना सीटखालची पिशवी काढायला पोरीला खाली वाकायला सांगायचं. गाडी एका दिशेला वळतेय आणि डोकं दुसऱ्या दिशेला झुकतंय, तेव्हा कानाच्या नळ्यांना अशी गिरकी जाणवते जी प्रत्यक्षात झालेलीच नसते. त्या एका वाकण्यानं उलटी होऊ शकते. पिशवी आधीच मांडीवर ठेवावी.

खाण्याबद्दल थोडंच. उपाशी पोटी त्रास टळत नाही, आणि बिर्याणी किंवा पुरी-भाजी खाऊन बसलं तर अन्न पडून राहतं. चपाती, केळं, दोन बिस्किटं पुरे. आल्याचा काहींना उपयोग होतो, अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. लिंबू हुंगायला हरकत नाही. निदान डिझेलचा वास तरी झाकतो. वर्तमानपत्रावर बसण्यामागे आम्हाला कुठलंही कारण सापडलं नाही, पण पेपरचा दुसरा उपयोग ऐनवेळी होतो.

यंदा उन्हाळ्यात भाचीला पुन्हा नेलं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घरातून निघण्याच्या तासभर आधी दिली. बुलढाण्यात एक गाडी सोडली, कारण मागचीच सीट मिळत होती. पुढच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. मोबाइल आईच्या पर्समध्ये. घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिला जांभई आली. ही पहिली खूण आहे, घामाच्याही आधीची. आईनं खिडकी उघडली, डोकं टेकवायला लावलं आणि पुढे कुठली गाडी येते ते सांगत राहा म्हणाली. चेहरा थोडा उतरला, एकदा उमाळा आला, उलटी झाली नाही. पूर्ण बरी झाली का? नाही. पण या वयात, साधारण सात ते बारा वर्षांत, हा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. रोज त्याच रस्त्यानं कॉलेजला जाणाऱ्या मुलांना काही दिवसांत सवय होते, कारण मेंदू त्या रस्त्याचा नवा अंदाज शिकतो. बायकांना मात्र मोठेपणीही जास्त होतो, विशेषतः गरोदरपणात आणि ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना.

शेवटचं, आणि हे मोठ्या माणसांबद्दल आहे. मळमळ, थंड घाम आणि पांढरा चेहरा हे तिन्ही हार्ट अटॅकमध्येही येतं, कारण धोक्याची यंत्रणा तीच. ज्याला आयुष्यात कधी गाडी लागली नाही अशा पन्नाशी-साठीच्या माणसाला सपाट रस्त्यावर असं झालं, तर गाडी लागली म्हणून त्याला लिंबू हुंगायला देऊ नये. गाडी लागलेला माणूस बस थांबवून मोकळ्या हवेत बसवला की थोड्या वेळात सावरू लागतो. हार्ट अटॅकवाला सावरत नाही. छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही. डायबिटीस असलेल्यांना छातीत दुखेलच असंही नाही, नुसता घाम आणि मळमळ असू शकते. त्यांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. सकाळी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि प्रवासाच्या गडबडीत खाल्लं नाही, तर साखर उतरते. हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, घामानं सदरा भिजतो. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. रोजा असला तरी अशा वेळी तो सोडण्याची मुभा आहे. दहा-पंधरा मिनिटांत फरक पडला नाही, किंवा छातीचा संशय असेल, तर कंडक्टरला सांगून बस जवळच्या दवाखान्याकडे घ्यायला लावावी आणि 108 ला फोन करावा.